भाजीवाल्याला कळतं, मग सोसायटीला का नाही?

सॉफ्टवेअर करून देणाऱ्याला ग्राहकाची एखादी मागणी नाकारावी लागते आणि त्याच बैठकीत तिच्या जागी जमण्यासारखे काहीतरी पुढे ठेवावे लागते. मोठ्या कंपन्यांत हे काम चौघांत वाटलेले असते. एक जण नकार ठरवतो, दुसरा तो इंग्रजीत लिहितो, तिसरा त्याचे सादरीकरण करतो आणि चौथा ग्राहकाला जेवायला नेतो. वसई-विरार पट्ट्यात हे चौघे म्हणजे बहुधा एकच माणूस असतो आणि ग्राहक त्याच्या वरच्या मजल्यावर राहत असतो.

या पट्ट्यातल्या नकाराचा अभ्यास करायला गृहनिर्माण संस्थेसारखा दुसरा नमुना नाही. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली, पण भाताच्या खाचरांत इमारती त्याआधीच उगवू लागल्या होत्या. आता प्रत्येक इमारतीला एक सहकारी संस्था आहे, प्रत्येक संस्थेला एक खजिनदार आहे आणि प्रत्येक खजिनदाराच्या डोक्यात एक अ‍ॅप आहे. उदाहरणासाठी विरार पश्चिमेची ८४ सदनिकांची एक संस्था धरू. मेन्टेनन्स सर्वांना सारखाच, महिना २३५० रुपये. खजिनदार म्हणजे एका खासगी कंपनीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले काका. अ‍ॅप करून देणारा तरुण त्याच इमारतीत बी विंगमध्ये राहतो, त्यामुळे काम मिळवण्यासाठी त्याला निविदा भरावी लागली नाही. मोबदला ठरवतानाही त्याला कुणी फारसे विचारले नाही.

काकांची मागणी ऐकायला लहान असते. वॉचमनच्या केबिनवर संस्थेच्या खात्याचा क्यूआर चिकटवलेला आहे. सभासदाने तो स्कॅन करून पैसे भरले की अ‍ॅपमध्ये त्याच्या सदनिकेपुढे आपोआप हिरवी खूण यावी आणि पावती त्याच्या फोनवर जावी. क्यूआर आहे तोच राहावा, बँक आहे तीच राहावी आणि वरखर्च होऊ नये. काका शेवटी म्हणतात, “बास, एवढंच.” बी विंगमधल्या तरुणाच्या पोटात गोळा येतो तो इथेच.

नकार देण्याआधी मागणीच्या मागे कोणता त्रास उभा आहे ते पाहून यावे लागते. त्यासाठी काकांच्या शेजारी एक रविवार बसावे, चहा मिळतोच. टेबलावर बँकेचे स्टेटमेंट, शेजारी ८४ नावांची वही आणि फोनवर सोसायटीचा ग्रुप, ज्यात सुप्रभातच्या फुलांमधून पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट शोधायचे असतात. स्टेटमेंटमध्ये एकाखाली एक २३५० रुपयांच्या नोंदी आहेत आणि त्यांतली कोणती कुणाची हे काकांना ठरवायचे आहे. नावावरून ठरवावे, तर ३०४ चे मालक दुबईत असतात आणि पैसे भाडेकरू भरतो. ५०२ चे पैसे पुण्याच्या जावयाच्या फोनवरून येतात. २०१ च्या वहिनींच्या बँक खात्यावर अजून माहेरचे नाव आहे, ते इमारतीत कुणालाच माहीत नाही. काकांचा खरा त्रास एवढाच आहे. हिरवी खूण हा त्यांनी स्वतः सुचवलेला उपाय आहे. मागणी नाकारायची ती या उपायापुरती, त्रास नाकारायचा नाही, हे एकदा पक्के झाले की पुढच्या बोलण्यातला निम्मा कडवटपणा जातो.

यानंतर नकाराची हद्द आखावी. ‘होणार नाही’ या दोन शब्दांखाली तीन निरनिराळ्या गोष्टी लपतात. तंत्रातच सोय नसेल, तंत्रात सोय असून परवानगी नसेल किंवा दोन्ही असून परवडत नसेल. ग्राहकाला मात्र तिन्ही वेळा एकच ऐकू येते, ते म्हणजे ‘पोराला जास्त पैसे हवेत’. म्हणून तिन्ही वेगळ्या करून सांगाव्या लागतात, आणि काकांच्या मागणीत त्या तिन्ही सापडतात.

पहिली गोष्ट माहितीची. साध्या क्यूआरमध्ये फारसे काही नसते. पैसे कोणत्या यूपीआय पत्त्यावर जायचे आणि त्या पत्त्यामागचे नाव काय, एवढेच त्या काळ्या-पांढऱ्या चौकटींत लिहिलेले असते. स्कॅन करणारा ३०४ मध्ये राहतो हे क्यूआरला ठाऊक नाही, तेव्हा ते तो बँकेला कुठून सांगणार? बँकेकडे रक्कम, भरणाऱ्याचे नाव, त्याचा यूपीआय पत्ता आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक पोहोचतो. सभासदाने शेऱ्यात ‘३०४ जून’ असे लिहिले असेल, तर तो शेरा स्टेटमेंटमध्ये कधी पूर्ण येतो, कधी ‘३०’ वर तुटतो, तर कधी येतच नाही. प्रत्येक बँकेची ओळ लिहिण्याची पद्धत वेगळी आणि ओळीची लांबी ठरलेली असते. शिवाय हे सगळे बँकेच्या संगणकात घडते. त्याची खबर बाहेरच्या अ‍ॅपला त्या क्षणी मिळावी अशी कोणतीही तार साध्या खात्यापासून अ‍ॅपपर्यंत ओढलेली नसते.

दुसरी गोष्ट परवानगीची. काकांचा भाचा आयटीत असतो (प्रत्येक खजिनदाराचा असतो) आणि तो फोनवरून सुचवतो की पैसे जमा झाल्याचा बँकेचा एसएमएस काकांच्या फोनवर येतोच, अ‍ॅपने तो वाचावा. सूचना मूर्खपणाची नाही, काही वर्षांपूर्वी अशी अ‍ॅप सर्रास होती. पण गूगलने २०१८ मध्ये नियम आवळले. प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपला एसएमएस वाचण्याची परवानगी आता ठरावीक कामांसाठीच मिळते, आणि सोसायटीचा मेन्टेनन्स त्या यादीत बसवणे कठीण आहे. आयफोन तर दुसऱ्या अ‍ॅपला एसएमएसच्या पेटीत हात घालूच देत नाही, आणि सेक्रेटरीसाहेबांकडे नेमका आयफोन असतो. शिवाय एसएमएस वाचता आला तरी त्यात ३०४ लिहिलेले नसतेच. भाच्याची दुसरी सूचना ग्रुपवरचे स्क्रीनशॉट वाचण्याची. साध्या ग्रुपमधले संदेश बाहेरच्या सॉफ्टवेअरला अधिकृत मार्गाने उचलता येत नाहीत, हा त्यातला लहान अडथळा. मोठा अडथळा असा की चित्रातली अक्षरे संगणक वाचील, पण चित्र म्हणजे पैसे नव्हेत. अडकलेल्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट घाईत पाहिला तर झालेल्या व्यवहारासारखाच दिसतो आणि बनावट स्क्रीनशॉट तयार करणारी अ‍ॅप तर फुकट मिळतात. हिरवी खूण चित्रावर देऊ लागलो तर संस्थेच्या वहीत भरभराट होईल, खात्यात होणार नाही.

तिसरी गोष्ट परवडण्याची. तिच्याकडे यायच्या आधीच काका हुकमी पत्ता टाकतात.

“अरे, स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याकडे तो डबा बोलतो ना! ‘तेवीस रुपये मिळाले.’ भाजीवाल्याला कळतं, मग सोसायटीला का नाही?”

हा प्रश्न विरारमध्ये नकार देणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी विचारला जातो, आणि तो हसण्यावारी नेणाऱ्याचे काम तिथेच संपते, कारण प्रश्न बरोबर आहे. उत्तर दोन भागांत द्यावे लागते. डबा रक्कम सांगतो, माणूस सांगत नाही. भाजीवाल्याला माणूस कळण्याची गरजही नसते, कारण मेथीची जुडी हातात धरून तो माणूस समोर उभा असतो. तेवीस रुपये ऐकू आले की जुडी सुटते. सोसायटीत जुडी महिनाभर आधीच वापरून झालेली असते, पैसे भरणारा चर्चगेटच्या ऑफिसात बसलेला असतो आणि त्याच मिनिटाला आणखी दोघे तेवढीच रक्कम भरत असतात. आता उत्तराचा दुसरा भाग, जो अनेक जण लपवतात आणि पुढे अडचणीत येतात. डब्याला रक्कम कळते ती भाजीवाल्याने एका पेमेंट कंपनीकडे व्यापारी म्हणून नोंदणी केलेली असते म्हणून. पैसे आल्याची खबर त्या कंपनीला मिळते आणि ती डब्यातल्या सिमकार्डावर पाठवते. म्हणजे तार ओढता येते. संस्थेनेही अशी नोंदणी केली तर अ‍ॅपला खबर मिळेल, आणि कोणत्या बिलाचे पैसे तेही कळेल. पण त्या सेवेचे पैसे पडतात, आणि परवडण्याची तिसरी गोष्ट ती हीच.

तेव्हा नकार शब्दांत मांडायचा तो असा: ‘आत्ताच्या क्यूआरवर, आत्ताच्या खात्यावर, वरखर्चाशिवाय हे होणार नाही.’ यातली एकही अट गाळून नुसते ‘होणार नाही’ म्हटले तर दोन महिन्यांनी शेजारची सोसायटी हिरवी खूण लावून बसते आणि बी विंगमधला तरुण खोटारडा ठरतो.

हे सगळे तोंडी सांगून पटत नाही. काकांच्या पिढीचा विश्वास कागदावर असतो, म्हणून एक रुपयाचा प्रयोग करावा. बैठकीला हजर असलेल्या तिघांनी केबिनवरचा क्यूआर स्कॅन करून एकेक रुपया भरायचा आणि शेऱ्यात आपापला सदनिका क्रमांक लिहायचा. मग काकांनी स्टेटमेंट उघडायचे आणि कोणता रुपया कुणाचा ते सांगायचे. एका ओळीत शेरा दिसेल, दुसरीत अर्धवट असेल आणि तिसरीत कुणा अनोळखी बाईचे नाव येईल, जी सेक्रेटरीसाहेबांची पत्नी निघते, कारण साहेबांच्या फोनला तिचे खाते जोडलेले असते. खर्च तीन रुपये, तेही संस्थेच्याच खात्यात जातात. या तीन ओळींनी जे पटते ते तीस पानांच्या सादरीकरणाने पटत नाही. प्रयोग झाल्यावर मात्र काही क्षण गप्प बसावे. ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य त्या वेळी जिभेवर येतेच, ते गिळावे.

नकार देण्याच्या काही चुकीच्या पद्धतीही इथे नोंदवायला हव्यात, कारण व्यवहारात त्याच जास्त दिसतात. पहिली म्हणजे मान हलवून ‘करू काहीतरी’ म्हणणे. याने बैठक गोड संपते आणि तीन महिन्यांनी लिफ्टमध्ये भेट होते. लिफ्टला सातव्या मजल्यापर्यंत लागणारा वेळ अशा प्रसंगी फार मोठा असतो. दुसरी पद्धत ‘सर्व्हर सपोर्ट करत नाही’ असे काहीतरी पुटपुटण्याची. ही काही वर्षे चालली, पण आता भाचे वाढले आहेत. तिसरी सर्वांत धोक्याची. नाही म्हणणे जिवावर येते म्हणून अव्वाच्या सव्वा किंमत सांगायची आणि ग्राहक आपणहून माघार घेईल असे धरून चालायचे. संस्थेकडे मोबाइल टॉवरच्या भाड्याचे पैसे पडून असतील आणि कमिटीत उत्साही अध्यक्ष असेल, तर ‘ठीक आहे, करून टाका’ असे उत्तर येते. मग न होणाऱ्या कामाचा आगाऊ चेक खिशात घेऊन घरी जावे लागते.

पर्याय मांडताना दोनाहून कमी नसावेत आणि तिनाहून जास्त नसावेत. एकच ठेवला तर तो हुकूम वाटतो. पाच ठेवले तर कमिटी त्यांतल्या प्रत्येकाचा एकेक तुकडा जोडून सहावा बनवते आणि तो पुन्हा अशक्य निघतो. प्रत्येक पर्यायासोबत तो किती त्रास कमी करतो, किती तसाच ठेवतो आणि काय खर्च येतो हे सांगायचे. ‘तसाच ठेवतो’ हा भाग गाळायचा मोह आवरावा.

पहिला पर्याय संदर्भ क्रमांकाचा. सभासदाने पैसे भरल्यावर अ‍ॅपमध्ये आपली सदनिका निवडून यूपीआयचा बारा आकडी क्रमांक भरायचा. काकांनी आठवड्यातून एकदा बँकेच्या संकेतस्थळावरून स्टेटमेंटची फाइल उतरवून अ‍ॅपमध्ये टाकायची. अ‍ॅप दोन्हीकडचे क्रमांक जुळवते आणि जुळले तिथे हिरवी खूण देते. खूण तीन सेकंदांत येत नाही, रविवारी येते. पण ती बँकेच्या नोंदीवर उभी असते. चुका होतात त्या ठरलेल्या. कुणी बारा आकडी क्रमांकाऐवजी पेमेंट अ‍ॅपचा स्वतःचा अक्षरे मिसळलेला क्रमांक भरतो, कुणी एक आकडा खातो, आणि कधी एकाच व्यवहाराचा क्रमांक दोन भावांच्या दोन सदनिकांसाठी भरला जातो. म्हणून बारा आकडेच असावेत, त्यांत अक्षर नसावे आणि तो क्रमांक आधी वापरलेला नसावा, ही तपासणी भरतानाच करावी. खर्च जवळजवळ नाही. अडचण एवढीच की सभासदांनी काहीतरी करायला हवे, आणि सभासद ही जात कशी असते ते गच्चीवरच्या गळतीच्या सभेत सर्वांनी पाहिलेले असते.

दुसरा पर्याय पैशांचा, म्हणजे रुपयाखालच्या पैशांचा. यूपीआयमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत रक्कम भरता येते आणि सदनिका ८४ आहेत. त्यामुळे प्रत्येक सदनिकेला १ ते ८४ मधला एक अनुक्रम द्यायचा आणि तितके पैसे तिच्या बिलात वाढवायचे. ३०४ चा अनुक्रम ३७ असेल तर तिचे बिल २३५० रुपये ३७ पैसे. आता नाव दुबईचे असो की माहेरचे, रकमेवरूनच सदनिका कळते. सभासदाला पैसे टाइप करायला लागू नयेत म्हणून प्रत्येक बिलावर त्या सदनिकेचा वेगळा क्यूआर छापायचा. त्याच्या पोटात साधारण असा मजकूर असतो:

```
upi://pay?pa=society@bank&pn=Society&am=2350.37&cu=INR
```

यातला `am` म्हणजे रक्कम. काही अ‍ॅप ही आधी भरलेली रक्कम बदलू देतात, काही देत नाहीत, म्हणून छापण्यापूर्वी इमारतीत वापरात असलेल्या चार-पाच अ‍ॅपवर तपासून घ्यावे. बिल कागदावर द्यावे हे बरे. क्यूआरचे चित्र ग्रुपवर टाकले तर लोक तो फोनच्या गॅलरीतून उघडतात आणि गॅलरीतून उघडलेल्या क्यूआरवर अनेकदा दोन हजारांची मर्यादा आडवी येते. २३५० रुपये अडकले की दोष अ‍ॅप करणाऱ्याला.

ही युक्ती स्वस्त आणि चलाख आहे, आणि चलाख युक्त्यांचे जे होते तेच तिचे सर्वसाधारण सभेत होते. ८४ वा अनुक्रम मिळालेले गृहस्थ उभे राहून विचारतात की त्यांनीच सर्वांत जास्त पैसे का भरायचे. वर्षाला दहा रुपये आठ पैसे जास्त जातात हे त्यांनी घरून काढून आणलेले असते. ऑडिटर विचारतात की दरमहा जमा होणारे हे जादा ३५ रुपये ७० पैसे कोणत्या खाती धरायचे. (१ ते ८४ ची बेरीज ३५७० होते, काकांनी ती कॅल्क्युलेटरशिवाय केली.) उत्तर असे की ही रक्कम त्या त्या सदनिकेची आगाऊ जमा म्हणून धरावी आणि वर्षअखेर वळती करावी. खरा पेच निराळाच आहे. ३०४ ने दोन महिन्यांचे एकदम भरले आणि बिल सरळ दुप्पट केले, तर रक्कम ४७०० रुपये ७४ पैसे होते. ७४ वा अनुक्रम मात्र दुसऱ्याच सदनिकेचा आहे आणि तिनेही दोन महिन्यांचे रुपये दुप्पट करून पैसे तेवढेच ठेवले तर तिची रक्कमही नेमकी ४७०० रुपये ७४ पैसेच येते. यावर नियम लिहून ठेवायचा की महिने कितीही असोत, पैसे एकदाच, आणि दोन महिन्यांसाठी अ‍ॅपमधूनच नवा क्यूआर काढायचा. रोख भरणाऱ्यांना ही योजना लागू नाही. पंचवीस पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ पासून चलनातूनच गेली आहेत, तेव्हा ३७ पैसे मोजून देण्याचा हट्ट धरणाऱ्याला सरकारच थांबवते.

तिसरा पर्याय तार ओढण्याचा. संस्थेने पेमेंट गेटवे कंपनीकडे नोंदणी करायची. मग प्रत्येक बिलासाठी त्या बिलाचा संदर्भ पोटात असलेला क्यूआर तयार होतो, पैसे भरताच कंपनीचा संगणक अ‍ॅपला खबर देतो आणि काकांच्या स्वप्नातली हिरवी खूण खरोखर काही सेकंदांत उमटते. यासाठी संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, कमिटीचा ठराव आणि सह्या करणाऱ्यांची ओळखपत्रे लागतात. पैसे संस्थेच्या खात्यात त्याच क्षणी येत नाहीत, सहसा पुढच्या कामकाजाच्या दिवशी येतात. म्हणजे खूण हिरवी आणि पासबुक कोरे अशी एक रात्र काकांना रोज काढावी लागेल, आणि त्यांच्या स्वभावाला ती कितपत झेपेल याचा अंदाज आधी घ्यावा. खर्चाबाबत कमिटीत हमखास एक जण सांगतो की यूपीआय फुकट आहे. ते अर्धे खरे आहे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून बँकेने घ्यायचे शुल्क शून्य आहे, पण मधली कंपनी आपल्या सेवेचे पैसे घेते. समजा व्यवहारामागे पाच रुपये पडले, तर ८४ सदनिकांचे महिन्याला ४२०, वर्षाला ५०४०. कमिटीने आकडा ऐकून ‘एवढे?’ म्हणावे आणि त्याच सभेत गणपतीच्या मांडवाला मंजुरी द्यावी, हे नेहमीचेच.

खाते बदलून सगळे सोपे होईल का, असा प्रश्न या टप्प्यावर येतो. इथे अ‍ॅप करणाऱ्याने जपून बोलावे. संस्थेने आपला पैसा कुठे ठेवावा यावर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७० ची बंधने आहेत, आणि वसईत सहकारी बँकेतले खाते हा नुसता व्यवहार नसतो. बॅसीन कॅथॉलिक बँकेसारखी संस्था इथे १९१८ पासून उभी आहे. बँकेच्या मॅनेजरने कुणाच्या मुलीच्या लग्नात जेवण वाढलेले असते. खाते बदला असे सुचवणे हे तांत्रिक मत म्हणून मांडले जाते आणि घरगुती अपमान म्हणून ऐकले जाते.

तिन्ही पर्याय मांडून झाले की काका चष्मा काढून पुसतात आणि म्हणतात, “मग तिन्ही करून टाक.” याची तयारी ठेवलेली असावी. इथे पुन्हा नकार द्यायचा नसतो, क्रम लावायचा असतो. पहिल्या महिन्यात पैशांची युक्ती. ज्यांची रक्कम जुळली नाही त्यांच्यासाठी संदर्भ क्रमांक. आणि सहा महिन्यांनंतरही काकांचा रविवार मोकळा झाला नाही तर गेटवेचा विषय सभेपुढे. बरोबर पर्याय कोणता हे अ‍ॅप करणाऱ्याने स्वतः सांगावे, ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणू नये. ८४ सदनिकांच्या संस्थेला गेटवे बहुधा लागत नाही. चारशे सदनिकांच्या संकुलाला पैशांची युक्ती लावणे मात्र वेडेपणा आहे, कारण रुपयात पैसे शंभरच असतात.

ठरलेले लगेच लिहून काढावे, आणि ते ग्रुपवर नव्हे तर कमिटीच्या इतिवृत्तात. ग्रुपवर लिहिले की त्याखाली अंगठे येतात आणि महिन्याभरात ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ असेही येते. मजकूर फार नको. मागितलेली सोय आत्ताच्या खात्यावर व क्यूआरवर का होत नाही हे दोन वाक्यांत, एक रुपयाच्या प्रयोगाची तारीख, निवडलेला पर्याय, त्यात कोणते काम हातानेच राहणार आणि ते कोण करणार. शेवटी एक ओळ अशी की बँकेकडून नोंदीची खबर थेट मिळण्याची सोय झाल्यास किंवा संस्थेने गेटवे घेतल्यास ही मागणी पुन्हा विचारात घ्यावी. या ओळीमुळे नकाराला मुदत मिळते आणि काकांनाही आपले काही फेटाळले गेले असे वाटत नाही.

नकार खरोखर पोचला की नाही हे त्याच बैठकीत कळत नाही, कारण बैठकीत सगळेच मान हलवतात. काका दुसऱ्याला काय सांगतात त्यावर कान ठेवावा. ते लिफ्टमध्ये शेजाऱ्याला ‘तो पोरगा करत नाहीये’ असे म्हणाले, तर सगळे पहिल्यापासून सांगावे लागेल. ‘बँक फ्लॅटचा नंबर पाठवतच नाही हो’ असे म्हणाले, तर झाले. त्यांनी पुढे जाऊन एखाद्याला एक रुपया भरायला लावून प्रयोग दाखवायला सुरुवात केली, तर त्या इमारतीत तरी हा विषय पुन्हा समजावून द्यावा लागत नाही.

पहिल्या महिन्याचा हिशेब समजा असा आला: ६१ सदनिका पैशांवरून आपोआप जुळल्या, १२ जणांनी रक्कम गोल करून भरली म्हणून संदर्भ क्रमांकावरून जुळवाव्या लागल्या, सात चेक आले आणि चौघांनी काहीच भरले नाही. काकांचे हाताचे काम ८४ ओळींवरून १९ ओळींवर आले. हा आकडा त्यांना आठवणीने दाखवावा, कारण न आलेल्या हिरव्या खुणेची आठवण माणसाला राहते, वाचलेल्या रविवाराची राहत नाही. त्या चौघांबद्दल काकांची नवी मागणी त्याच दिवशी येते: थकबाकीदाराने बटण दाबले की लिफ्ट हलू नये, एवढंच. इथे अडथळा तंत्राचा नसतो, सेन्सर बाजारात मिळतात. पण वसुलीसाठी सहकार कायद्यात निबंधकाकडून दाखला मिळवण्याचा रस्ता ठरलेला आहे, लिफ्ट त्या रस्त्यावर नाही. पर्याय म्हणून थकबाकीचे स्मरणपत्र आपोआप पाठवण्याची सोय सुचवावी, व्याजाच्या हिशेबासह.

कमिटी बदलली की नवा खजिनदार येतो, आणि पहिल्याच आठवड्यात तो केबिनवरच्या क्यूआरकडे पाहून तीच मागणी करतो. त्यासाठी इतिवृत्ताची प्रत, तीन रुपयांच्या नोंदी असलेले स्टेटमेंटचे पान आणि १ ते ८४ अनुक्रमांची यादी, टँकरची बिले आणि गच्चीच्या किल्ल्या यांबरोबर चार्जमध्ये द्यावी आणि त्याची सही घ्यावी.